एनपीव्ही-आयआरआरसाठी कोणता कॅल्क्युलेटर घ्यावा: बीए टू प्लस, एचपी १२सी, कॅसिओ की साधा बारा अंकी?

दुकानात जाण्याआधी आपण कोणत्या परीक्षेला बसणार आहोत याचा नियम बघा. कॅल्क्युलेटरची निवड बरीचशी तिथेच उरकते. सीएफएला दोनच घराणी चालतात: टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस (त्याच्या प्रोफेशनल आवृत्तीसह) आणि एचपी १२सी (प्लॅटिनमसह). एफआरएमला हे दोन्ही चालतातच, शिवाय एचपीची आणखी काही मॉडेल्स चालतात. सीएच्या परीक्षेत मात्र याच्या अगदी उलट. तिथे सहा क्रिया, बारा अंक आणि दोन मेमरी एवढीच मर्यादा असलेला साधा बॅटरीवरचा कॅल्क्युलेटर नेता येतो. कॅश फ्लो मोड असलेलं यंत्र तिथे आत नेताच येत नाही. विद्यापीठाच्या एमकॉम, एमबीएच्या पेपरांत नियम कॉलेजागणिक बदलतात आणि बहुतेक ठिकाणी नॉन-प्रोग्रामेबल सायंटिफिक चालतो.

म्हणजे 'सगळ्यांत चांगला कोणता' हा प्रश्न सुटा विचारण्यात अर्थ नाही. तरीही सीएफए-एफआरएमवाल्यांसमोर बीए टू प्लस की १२सी हा खरा पर्याय उरतो, आणि एमबीएवाल्यांसमोर कॅसिओचा फायनान्शियल घ्यायचा की हाताशी असलेल्या एफएक्स-९९१ वरच भागवायचं हा. चारही यंत्रांवर एकच गणित सोडवून बघू, म्हणजे फरक बोलण्यापेक्षा बोटांना कळेल.

गणित

एक मशीन ५,००,००० रुपयांना घेतलं. पहिल्या वर्षी त्यातून १,२०,००० रुपये आले, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी प्रत्येकी १,५०,००० आणि पाचव्या वर्षी १,००,०००. डिस्काउंट रेट १० टक्के. एनपीव्ही आणि आयआरआर काढा.

उत्तर आधीच सांगतो: एनपीव्ही १०,२९९.२२ रुपये आणि आयआरआर १०.८१ टक्के. मधली तीन वर्षं सारखी ठेवली आहेत ती मुद्दाम. कॅश फ्लो मोडमध्ये सर्वाधिक घोळ तिथेच होतात.

बीए टू प्लस

```
CF  2ND CLR WORK
500000 +/- ENTER ↓
120000 ENTER ↓ ↓
150000 ENTER ↓ 3 ENTER ↓
100000 ENTER
NPV 10 ENTER ↓ CPT
IRR CPT
```

`CF` दाबलं की पडद्यावर `CFo` येतं, म्हणजे आजचा रोख प्रवाह. गुंतवणूक बाहेर जाते म्हणून रक्कम टाकल्यावर `+/-` दाबायचं. खाली गेलं की `C01`, म्हणजे पहिली रक्कम, आणि आणखी खाली `F01`, म्हणजे ती रक्कम लागोपाठ किती वेळा येते. `F01` आपोआप १ असतो, म्हणून पहिल्या वर्षानंतर बाण दोनदा दाबून पुढे गेलो. `C02` मध्ये दीड लाख टाकून `F02` मध्ये ३ टाकले की तीन वर्षं एका ओळीत उरकली. दर १० असाच टाकायचा. ०.१० टाकलं तर यंत्र तो दशांश एक टक्का समजतं आणि एनपीव्ही भलताच मोठा दाखवतं.

इथे नवख्या माणसाचा हात दोन ठिकाणी अडतो. पहिलं म्हणजे रक्कम टाइप करून `ENTER` न दाबता थेट बाण दाबला तर ती रक्कम साठतच नाही. पडद्यावर आकडा दिसला म्हणून तो आत गेला असं नाही. दुसरं म्हणजे दर टाकल्यावर बाण दाबून `NPV` दिसला तरी `CPT` दाबेपर्यंत ते उत्तर नसतं.

एचपी १२सी

```
f CLEAR REG
500000 CHS g CF0
120000 g CFj
150000 g CFj
3 g Nj
100000 g CFj
10 i
f NPV
f IRR
```

१९८१ साली आलेलं हे यंत्र अजून विकलं जातं. बँकेत किंवा ट्रेझरीत काम केलेल्या ज्येष्ठ मंडळींच्या टेबलावर ते हमखास दिसतं. त्यावर बरोबरचं चिन्ह नाही. बेरीज करायची तर `2 ENTER 3 +` असं उलटं लिहावं लागतं. सवय झाली की कंस लागत नाहीत आणि आवडूही लागतं. सवय होण्याआधी परीक्षेची तारीख आली तर मात्र पंचाईत.

कॅश फ्लोच्या बाबतीत या उलट्या पद्धतीचा फारसा त्रास नाही. रक्कम टाका आणि `g CFj` दाबा, इतकंच. आयआरआर काढताना पडद्यावर `running` लुकलुकतं. जुन्या यंत्रांवर त्याला काही सेकंद लागतात, नव्यांवर ते जेमतेम दिसतं.

वेग नेमका कुठे आहे

'१२सी वर बटणं कमी दाबावी लागतात' असं सर्रास ऐकू येतं. वरच्या गणितात अंक सोडून बाकीची बटणं मोजून पाहा. बीए टू प्लसवर वीस, १२सी वर अठरा. दोन बटणांसाठी कोणी यंत्र बदलू नये. सीएफएच्या पहिल्या लेव्हलला १८० प्रश्न दोन सत्रांत असतात, प्रत्येक सत्र सव्वादोन तासांचं, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. दोन्ही यंत्रांवर हे गणित सरावाने त्या वेळेच्या निम्म्यात होतं.

खरा फरक पुढे आहे. उत्तर पर्यायांत दिसत नाही, किंवा दिसतं पण मनाला पटत नाही, तेव्हा टाकलेले आकडे परत बघायला किती वेळ लागतो? इथे दोन्ही यंत्रांचे स्वभाव पूर्ण वेगळे आहेत.

बीए टू प्लसवर `CF` दाबा आणि बाण खाली-वर न्या. प्रत्येक रकमेला तिचं नाव आहे: `C01`, `F01`, `C02`, `F02`. चूक सापडली की तिथेच नवा आकडा टाकून `ENTER`. बाकी काही हलत नाही.

१२सी वर रकमांना नावं दिसत नाहीत. `RCL g CFj` दाबलं की शेवटची रक्कम दिसते, पुन्हा दाबलं की तिच्या आधीची. पण प्रत्येक वेळी `n` मधला आकडा एकाने कमी होत जातो, आणि हेच यंत्र एनपीव्ही काढताना `n` बघूनच किती रकमा मोजायच्या ते ठरवतं. तुम्ही रकमा तपासल्या, सगळ्या बरोबर निघाल्या, `f NPV` दाबलं आणि उत्तर आणखी चुकीचं आलं, असं इथे होऊ शकतं. तपासल्यावर `n` पूर्ववत करावा लागतो. आपल्या गणितात तो ३ हवा. वर्षं पाच असली तरी रकमांचे गट तीनच आहेत.

याला एक सरळ पळवाट आहे, पण क्लासमध्ये ती फारशी कोणी सांगत नाही. १२सी या रकमा साध्या मेमरीतच ठेवतं: `CF0` शून्य क्रमांकाच्या खणात, पहिली रक्कम एकमध्ये, दुसरी दोनमध्ये. म्हणून `RCL 0`, `RCL 1`, `RCL 2` असं दाबत गेलं तर सगळं दिसतं आणि `n` ला धक्का लागत नाही. दुरुस्तीही तशीच होते. दुसरी रक्कम चुकली असेल तर बरोबर आकडा टाकून `STO 2`.

१२सीची दुसरी खोड याहून फसवी आहे. `f IRR` दाबल्यावर निघालेला दर ते `i` मध्ये ठेवून देतं. आता प्रश्नाचा पुढचा भाग म्हणून तुम्ही `f NPV` दाबलं तर एनपीव्ही शून्याच्या आसपास येतो, कारण आयआरआरवर एनपीव्ही शून्यच असतो. आधी एनपीव्ही, मग आयआरआर, हा क्रम ठेवा. उलटा क्रम झालाच तर दर पुन्हा टाका. बीए टू प्लसवर एनपीव्हीचा दर `I` वेगळा राहतो, त्यामुळे हा प्रकार तिथे घडत नाही.

साठ्याची गोष्ट राहिली. बीए टू प्लसमध्ये सुरुवातीच्या रकमेशिवाय २४ वेगवेगळ्या रकमा मावतात, मूळ १२सी मध्ये २०. एकच रक्कम किती वेळा येते याची मर्यादा टीआयवर ९,९९९, तर १२सी वर ९९. परीक्षेतल्या एनपीव्हीच्या प्रश्नाला यातली एकही मर्यादा सहसा लागत नाही.

मागच्या प्रश्नाचं उष्टं

दोन्ही यंत्रं बंद केली तरी रकमा लक्षात ठेवतात. म्हणून पुसणं हा गणिताचाच भाग आहे.

समजा मागच्या प्रश्नात चार गट होते आणि चौथा गट २,००,००० चा होता. बीए टू प्लसवर न पुसता नवं गणित टाकलं तर `C03` पर्यंत सगळं नव्याने भरलं जातं, पण `C04` मधले दोन लाख तसेच राहतात आणि सहाव्या वर्षाचे म्हणून मोजले जातात. उत्तर येतं १,२३,१९४.०१. ते बरोबर उत्तरासारखंच दिसतं, धन आहे, दोन दशांशांपर्यंत आहे. तीनपैकी एखादा पर्याय अशाच चुकीतून बनवलेला असेल तर विषयच संपला.

`CE|C` दाबून वर्कशीट पुसलं जात नाही. `2ND QUIT` केल्यानेही नाही, आणि `2ND CLR TVM` हे दुसऱ्याच कप्प्यासाठी आहे. `CF` दाबून आत जा आणि तिथेच `2ND CLR WORK` करा. १२सी वर `f CLEAR REG` हे काम एकदम करतं, पण त्याबरोबर तुम्ही मेमरीत ठेवलेले बाकीचे आकडेही जातात.

पुसणं विसरलो, चिन्ह चुकलं, `F02` मध्ये ३ टाकायचं राहिलं, एखादं शून्य कमी पडलं. या सगळ्यांना पकडणारी एकच तपासणी आहे: दर शून्य ठेवून एनपीव्ही काढा. शून्य दराला एनपीव्ही म्हणजे सगळ्या रकमांची नुसती बेरीज. आपल्या गणितात आलेले पैसे ६,७०,०००, गेलेले ५,००,०००, म्हणून १,७०,००० यायला हवेत. ही बेरीज तोंडी होते. टीआयवर `NPV 0 ENTER ↓ CPT`, १२सी वर `0 i f NPV`. १,७०,००० आले तर रकमा बरोबर आहेत. नाही आले तर फरकाच्या आकड्यावरूनच चूक ओळखता येते. तीन लाख कमी आले, म्हणजे दीड लाखांची दोन वर्षं गळली, म्हणजे `F02` एकच राहिला. दहा लाख जास्त आले, म्हणजे गुंतवणुकीचं चिन्ह उलटं पडलं.

एक चूक मात्र या तपासणीतून सुटते, ती रकमांच्या जागेची. मध्ये एखादं वर्ष रिकामं असेल तर तिथे शून्य भरावंच लागतं: टीआयवर `0 ENTER`, १२सी वर `0 g CFj`. ते वगळलं तर पुढच्या सगळ्या रकमा एक वर्ष अलीकडे सरकतात, बेरीज तीच राहते आणि एनपीव्ही फुगतो. त्यासाठी आडवी काळरेषा काढून गट मोजणं हाच उपाय. शेवटच्या वर्षीच्या भंगार किमतीचंही तसंच. ती वेगळी रक्कम म्हणून पुढे टाकली तर सहाव्या वर्षात जाते. पाचव्या वर्षाच्या उत्पन्नात आधी मिळवा आणि एकच आकडा टाका.

यंत्र नकार देतं तेव्हा

आयआरआर काढताना पडद्यावर एरर आली तर दोन्ही यंत्रांची भाषा वेगळी आहे. सगळ्या रकमा एकाच चिन्हाच्या असतील, म्हणजे बहुधा गुंतवणुकीचं वजा चिन्ह राहिलं असेल, तर बीए टू प्लस `Error 5` दाखवतं आणि १२सी `Error 7`. टीआयवर `Error 7` आली तर तिचा अर्थ निराळा: ठरलेल्या फेऱ्यांत उत्तर हाती लागलं नाही. मित्राचं यंत्र मागून सराव केला असेल तर हा घोटाळा हमखास होतो.

रकमांचं चिन्ह दोनदा बदलत असेल तर एरर न येताही उत्तर अपुरं असू शकतं. आज १,००० गेले, पहिल्या वर्षी २,५०० आले, दुसऱ्या वर्षी खाण बुजवायला १,५४० गेले असं समजा. या प्रवाहाचे आयआरआर दोन आहेत, १० टक्के आणि ४० टक्के. बीए टू प्लस शून्याला जवळचा तेवढा, म्हणजे १०, दाखवतं आणि दुसऱ्याबद्दल अवाक्षर काढत नाही. अशा प्रश्नात एनपीव्हीवर निर्णय घ्यायचा. २० टक्के दराला एनपीव्ही १३.८९ येतो, म्हणजे धन. ५ टक्क्यांना उणे १५.८७. दर वाढल्यावर प्रकल्प चांगला होतो, हेच आयआरआरवर विसंबू नये याचं लक्षण. परीक्षक हा प्रश्न वैचारिक म्हणून विचारतो, आणि कॅश फ्लो मोड त्यात मदत करत नाही.

कॅसिओ एफसी-२००व्ही

दिसायला सायंटिफिक आणि आतून फायनान्शियल असं हे यंत्र. `CASH` बटण दाबलं की पडद्यावर यादी उघडते. `I%` मध्ये १० टाकायचे, `Csh` च्या ओळीवर `EXE` दाबून एडिटरमध्ये रकमा एकाखाली एक भरायच्या, `ESC` दाबून परत यायचं आणि `NPV` किंवा `IRR` च्या ओळीवर जाऊन `SOLVE`. रकमा ओळीने दिसतात, बाणाने वर-खाली जाता येतं. पहिल्यांदाच फायनान्शियल कॅल्क्युलेटर हातात घेणाऱ्याला चौघांत हाच सर्वांत लवकर कळतो. त्याच यादीत परतफेडीचा काळ `PBP` आणि भविष्यमूल्य `NFV` सुद्धा मिळतं, जे साध्या बीए टू प्लसमध्ये नाही. ते टीआयला हवं असेल तर प्रोफेशनल आवृत्ती घ्यावी लागते.

पण सीएफएला हा चालत नाही आणि एफआरएमलाही नाही. वर्षभर यावर हात बसवायचा आणि परीक्षेआधी दुसरं यंत्र शिकायचं, यात काही हशील नाही. एमबीए करून थेट नोकरीत जायचं असेल आणि कॉलेजने परवानगी दिली असेल तरच विचार करा.

एफएक्स-९९१ हाताशी असेल तर

इंजिनिअरिंग करून एमबीएला आलेल्यांकडे हा असतोच. यात कॅश फ्लो मोड नाही, पण `CALC` आणि `SOLVE` ही दोन बटणं मिळून तेच काम करतात. रकमा हजारांत घ्या आणि शेवटच्या वर्षापासून मागे येत एकच राशी लिहा. इथे `X` म्हणजे एक अधिक दर:

```
((((100÷X+150)÷X+150)÷X+150)÷X+120)÷X-500
```

`CALC` दाबून `X` ला १.१ दिले की १०.२९९ येतात, म्हणजे १०,२९९ रुपये. त्याच राशीवर `SHIFT SOLVE` दाबून अंदाज म्हणून १.१ दिले की `X` १.१०८१३५ येतो, म्हणजे आयआरआर १०.८१ टक्के. खाली `L-R` शून्य दिसलं की उत्तर पक्कं. राशी पडद्यावर डोळ्यांसमोर राहते, त्यामुळे तपासायला वेगळं काही दाबावं लागत नाही. `X` ला १ दिला की शून्य दराची बेरीज, १७०, तीही मिळते.

प्रत्येक वर्षाला वेगळा घात लिहूनही हे करता येतं, पण मग पाच वर्षांतच राशी इतकी लांबते की एक कंस इकडचा तिकडे झाला तर कळत नाही. वरच्या पद्धतीत कंस सगळे सुरुवातीलाच उघडतात आणि वर्षागणिक एक बंद होतो. दहा वर्षांपर्यंतच्या गणितासाठी मला ही पद्धत पुरेशी वाटते. त्यासाठी वेगळा फायनान्शियल कॅल्क्युलेटर घेण्याची गरज नाही.

सीएवाल्यांचा साधा कॅल्क्युलेटर

वरची राशी मागून पुढे येते याचा खरा फायदा साध्या बारा अंकी यंत्रावर होतो. ते भागाकार आधी की बेरीज आधी हे बघत नाही, दाबलं तसं करत जातं. म्हणून कंसांशिवाय नुसतं एवढंच दाबायचं:

```
100000÷1.1+150000÷1.1+150000÷1.1
+150000÷1.1+120000÷1.1-500000=
```

पडद्यावर १०,२९९.२२ येतात. पीव्ही फॅक्टर नाही, मेमरी नाही, जीटी नाही. (सायंटिफिकवर हेच जसंच्या तसं दाबलं तर चुकेल, कारण तो भागाकार आधी उरकतो.) दर ११ घेतला तर उणे २,३१५.०४ येतात. आयआरआर या दोहोंच्या मध्ये, आणि इंटरपोलेशनने तो १०.८२ निघतो. यंत्राच्या १०.८१ शी जवळजवळ जुळतो, कारण दोन दरांत अंतर एकाच टक्क्याचं होतं. १० आणि १५ टक्के घेऊन इंटरपोलेशन केलं असतं तर १०.८८ आला असता. एनपीव्हीची रेषा सरळ नसून वाकलेली असल्यामुळे दर जितके लांब घ्याल तितका आयआरआर वर सरकतो.

लेखी पेपरात हा तोडगा तपासणीपुरताच वापरायचा. पेपरात पीव्ही फॅक्टरचा तक्ता दाखवावा लागतो, गुण त्या तक्त्याला असतात, नुसत्या उत्तराला नाही. विद्यापीठाच्या पेपरातही तसंच, मग हातात बीए टू प्लस असला तरी. आणि तक्त्यातलं उत्तर यंत्राच्या उत्तराशी पैशापर्यंत जुळणार नाही. तीन दशांशांचे फॅक्टर, म्हणजे ०.९०९, ०.८२६, ०.७५१, ०.६८३, ०.६२१, घेतले तर या गणिताचा एनपीव्ही १०,१८० येतो, यंत्रापेक्षा ११९ रुपये कमी. ही चूक नाही, तो फॅक्टरांच्या गोळाबेरजेचा परिणाम आहे. फरक हजारांत गेला तर मात्र तक्त्यात एखादी ओळ चुकली आहे असं समजावं.

मग घ्यावं काय

सीएफए किंवा एफआरएम ठरलं असेल आणि आधीची कोणतीच सवय नसेल तर बीए टू प्लस घ्या. प्रोफेशनलची गरज नाही, फक्त परतफेडीचा काळ आणि सुधारित आयआरआरसाठी जादा पैसे देणं मला पटत नाही. पहिल्याच दिवशी `2ND FORMAT 4 ENTER` करून चार दशांश ठेवा. दोन दशांशांवर जवळजवळचे पर्याय ओळखता येत नाहीत.

१२सी घ्यावा तो घरात आधीच असेल, किंवा कामाच्या ठिकाणी त्याचीच पद्धत असेल तर. उलट्या पद्धतीची ज्यांना गोडी लागते ते मग दुसरं काही वापरत नाहीत, पण ती गोडी लागायला महिने जातात. घेतलाच तर `n` आणि `i` या दोन खणांवर नजर ठेवायची, बाकी यंत्र चोख आहे.

सीए इंटर करतोय आणि पुढे सीएफएचाही विचार आहे, असं असेल तर फायनान्शियल यंत्राची खरेदी पुढे ढकला. आत्ता मोठ्या बटणांचा बारा अंकी कॅल्क्युलेटर घ्या आणि मागून पुढे येण्याची पद्धत हाताला बसवा. सीएफएची नोंदणी होईल त्या आठवड्यात बीए टू प्लस घेतला तरी एनपीव्ही-आयआरआरपुरता तो दोनचार दिवसांत हातात बसतो. टीव्हीएमच्या पाच बटणांना आणि बाँडच्या वर्कशीटला त्याहून अधिक वेळ द्यावा लागेल.